सिंगल फेजवर थ्री फेज पंप: मोटर फिरते, पण पाणी का चढत नाही?

प्रश्न: माझ्याकडे ३ एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक पंपाची मोटर आहे. प्लेटवर ४१५ व्होल्ट, ४.६ अँपिअर, २८८० आरपीएम लिहिलंय. जागेवर फक्त सिंगल फेज २३० व्होल्ट लाइन आहे, म्हणून ३ एचपीचा सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटर चालवणारा ड्राइव्ह, आणून बसवला. मोटर फिरते, आवाजही ठीक वाटतो, पण पाणी वर येत नाही. ४५ हर्ट्झच्या आसपास करंट भराभर वाढतो आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. ड्राइव्ह लहान पडला का? मोठा घेऊ का?

उत्तर:

मोठा ड्राइव्ह घेऊ नका. आधी मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा. माझा अंदाज असा, की आत तीन टोकं पट्टीने एकत्र बांधलेली असतील, म्हणजे मोटर स्टारमध्ये जोडलेली असेल. तसं असेल तर दहा एचपीचा ड्राइव्ह लावलात तरी पंप असाच वागेल. फरक एवढाच, की तेव्हा ड्राइव्ह ट्रिप होणार नाही आणि वाइंडिंग जळेल.

लोकांचा गोंधळ इथेच होतो. व्हीएफडी सिंगल फेजचे थ्री फेज करतो हे खरं, पण व्होल्टेज वाढवत नाही. आत येणारा एसी आधी डायोडच्या ब्रिजमधून जाऊन डीसी होतो आणि कपॅसिटरमध्ये साठतो. २३० व्होल्ट एसीचं शिखर साधारण ३२५ व्होल्ट असतं, म्हणून डीसी बसवर ३२५ व्होल्ट मिळतात. त्या डीसीचे पुढच्या सहा ट्रान्झिस्टरांनी तुकडे करून तीन फेज बनवले जातात. ३२५ व्होल्ट डीसीमधून फेज ते फेज २३० व्होल्टच निघतात, त्याहून जास्त नाही. तुमची मोटर ४१५ मागते आणि ड्राइव्ह तिला २३० देतो.

आता याचा टॉर्कवर काय परिणाम होतो तो बघा. मोटरची जास्तीत जास्त ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० भागिले ४१५ म्हणजे ०.५५, आणि त्याचा वर्ग ०.३१. चांगल्या मोटरची कमाल ओढ नेहमीच्या पूर्ण लोडच्या अडीचपट धरली, तर ती ५० हर्ट्झला उरते पाऊणपट. पूर्ण वेगाला पंप एकपट मागणार आणि मोटर पाऊणपटच देऊ शकणार. त्यामुळे कमी हर्ट्झला सगळं सुरळीत दिसतं, कारण तेव्हा पंपाची मागणीही कमी असते. जसजसे हर्ट्झ वाढतात तसतसा रोटर मागे पडत जातो, तेवढाच टॉर्क द्यायला वाइंडिंग दीड-दोनपट करंट ओढतं, आणि शेवटी ड्राइव्ह हात टेकतो. तुम्ही लिहिलेलं लक्षण नेमकं हेच आहे.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना फसवते. ड्राइव्हच्या स्क्रीनवर ४५ दिसतं ते ड्राइव्ह बाहेर सोडत असलेल्या फ्रिक्वेन्सीचं असतं. रोटर खरोखर किती फिरतोय हे ड्राइव्हला माहीत नसतं. स्क्रीनवर आरपीएम दाखवण्याची सोय असली तरी तो बहुतेक वेळा फ्रिक्वेन्सीवरून मांडलेला हिशोब असतो. शंका असेल तर पंख्याच्या टोकाला टॅकोमीटर लावून बघा. ४५ हर्ट्झला लोडवर निरोगी मोटर २६०० च्या थोडी खाली असायला हवी. तुमची त्याच्या बरीच खाली निघेल.

स्टारची डेल्टा

सुदैवाने ३ एचपीच्या मोटरवर हे बऱ्याचदा सुटतं. स्टारमध्ये ४१५ व्होल्ट लावले की प्रत्येक वाइंडिंगवर ४१५ भागिले १.७३२, म्हणजे २४० व्होल्ट येतात. म्हणजे वाइंडिंग मुळात २४० व्होल्टचंच आहे. तेच वाइंडिंग डेल्टात, म्हणजे एकाचं शेवटचं टोक पुढच्याच्या सुरुवातीला असं त्रिकोणात, जोडलं की ड्राइव्हचे २३० व्होल्ट सरळ त्याच्यावर बसतात आणि मोटर जवळपास पूर्ण ताकदीने चालते. करंट मात्र बदलतो. लाइनचा करंट १.७३२ ने वाढून ४.६ चा ८ अँपिअर होतो. मोटर जास्त खात नाहीये. व्होल्टेज कमी झालं, तेवढा करंट वाढला.

काही प्लेटवर हे सरळ लिहिलेलं असतं: २३० डेल्टा, ४०० स्टार. तुमच्या प्लेटवर फक्त ४१५ आहे, तेव्हा डेल्टाची की स्टारची खूण आहे का ते नीट बघा. खूण डेल्टाची असेल, म्हणजे मोटर ४१५ वरच डेल्टात असेल, तर वरचा सगळा मार्ग बंद. मोठ्या मोटरी सहसा अशाच येतात. त्यांना खाली शेवटी सबमर्सिबलसाठी लिहिलेल्या दोन वाटाच लागतात.

बॉक्समध्ये सहा बोल्टची पाटी असेल तर काम पाच मिनिटांचं आहे. खालच्या रांगेत यू-१, व्ही-१, डब्ल्यू-१ असतात आणि वरच्या रांगेत डब्ल्यू-२, यू-२, व्ही-२. वरची रांग मुद्दाम एक घर सरकवलेली असते. स्टारमध्ये वरच्या तिन्ही बोल्टांवर आडव्या पट्ट्या असतात. त्या काढायच्या आणि तीन पट्ट्या उभ्या लावायच्या, खालच्या बोल्टपासून डोक्यावरच्या बोल्टपर्यंत. झाली डेल्टा. ड्राइव्हच्या तीन वायर खालच्या रांगेवर राहतात.

पाटी नसेल, नुसत्या सहा वायर असतील आणि त्यांच्यावर नंबर नसतील, तर स्टार सोडण्याआधी खुणा करून घ्या. घाईघाईने तिन्ही टोकं सुटी केली की मग कुठलं टोक सुरुवातीचं आणि कुठलं शेवटचं हे ओळखायला अर्धा दिवस जातो. आत्ता मोटर स्टारमध्ये बरोबर फिरते, म्हणजे जी तीन टोकं एकत्र बांधलेली आहेत ती तिन्ही एकाच बाजूची आहेत, हे आपल्याला फुकटात कळलेलं आहे. त्यांच्यावर पांढरी टेप लावा, लाइनच्या तिघांवर काळी. मग गाठ सोडा आणि मल्टिमीटरने जोड्या लावा: कुठलं पांढरं टोक कुठल्या काळ्याचं. जोड्यांना क, ख, ग म्हणू. कचं पांढरं खच्या काळ्याला, खचं पांढरं गच्या काळ्याला, गचं पांढरं कच्या काळ्याला. या तीन सांध्यांवर ड्राइव्हच्या तीन वायर.

जोडणी झाली की ड्राइव्हला हात लावण्याआधी ओहम मोजून घ्या. स्टारमध्ये दोन लाइनच्या मध्ये दोन वाइंडिंग एकापाठोपाठ येतात, डेल्टात एक वाइंडिंग आणि त्याला समांतर बाकीची दोन एकापाठोपाठ येतात. म्हणून डेल्टाचं माप स्टारच्या बरोबर एक तृतीयांश भरलं पाहिजे. समजा आधी ४.२ ओहम होतं, तर आता १.४ यायला हवं, आणि तिन्ही जोड्यांमध्ये सारखं. एखादी जोडी वेगळी आली तर कुठेतरी सांधा चुकलाय किंवा ढिला आहे. मात्र एखाद्या वाइंडिंगची टोकं उलटी लागली असतील तर ते ओहमवर कळत नाही. तेव्हा मोटर गुरगुरते, तिन्ही फेजचे करंट वाटेल तसे येतात आणि ड्राइव्ह पाच-सात हर्ट्झलाच ओव्हरकरंट दाखवतो. असं झालं तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, बॉक्स उघडा.

ड्राइव्हमध्ये काय भरायचं

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. एका पंपावर असाच स्टारचा डेल्टा केला, व्यवस्थित ओहम मोजले, चालू केला, पाणी धो-धो आलं. मी हात पुसून निघालो. तासाभरात फोन: ड्राइव्ह बंद पडतोय, परत चालू केला की काही मिनिटं चालतो आणि पुन्हा बंद. जाऊन बघतो तर मोटरच्या करंटच्या खान्यात मी प्लेटवरचाच आकडा ठेवला होता, ४.६. मोटर आता प्रामाणिकपणे पावणेआठ अँपिअर घेत होती आणि ड्राइव्हच्या हिशोबाने ती दीडपटीहून जास्त लोडवर होती. तो तिला वाचवत होता. प्लेट तीच राहते पण जोडणी बदलली की आकडे बदलतात, हे त्या दिवसापासून मी विसरलेलो नाही.

तर मोटरचं व्होल्टेज २३०, करंट ८.०, फ्रिक्वेन्सी ५०, वेग २८८०. वेग वाढायचा वेळ ५ ते ८ सेकंद ठेवा. थांबताना ड्राइव्हला ब्रेक लावायला सांगू नका, मोटर मोकळी सोडून द्या. पाण्याचा लोड तिला क्षणात थांबवतोच. लांब पाइप असेल आणि थांबताना पाण्याचा दणका बसत असेल तर हळू थांबवणं योग्य ठरतं, पण ते नंतरचं.

कमाल फ्रिक्वेन्सी ५० वर बांधून टाका. ५५ ला जास्त पाणी येईल हा मोह बऱ्याच जणांना होतो. पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ५५ ला ती १.३३ पट होते, आणि व्होल्टेज मात्र २३० च्या पुढे जात नाही.

खालची मर्यादा, जी बहुतेक जण भरतच नाहीत

याच्यावर थोडं रेंगाळतो, कारण डेल्टा केल्यावरही "पाणी येत नाही" ही तक्रार उरू शकते आणि तेव्हा दोष विजेचा नसतो.

तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत, तेव्हा तुमच्यासारखाच एक पंप धरू. नळ पूर्ण बंद असताना तो ३२ मीटर उंचीचा दाब देतो. विहिरीच्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत उभी उंची १८ मीटर. पूर्ण वेगाला सेकंदाला ५ लिटर पाणी जातं आणि तेव्हा पाइपच्या घर्षणात ६ मीटर जातात, म्हणजे पंप २४ मीटरवर काम करतोय.

आता ड्राइव्हने ४५ हर्ट्झ केले. पुस्तकी नियम असा, की पाणी वेगाच्या प्रमाणात कमी होतं, म्हणून ९० टक्के, म्हणजे साडेचार लिटर. प्रत्यक्षात मोजलं तर पावणेचारच्या आसपास भरतं. कारण दाब वेगाच्या वर्गाने कमी होतो. ३२ चे ०.८१ पट, म्हणजे २६ मीटर. त्यातले १८ मीटर पाणी नुसतं वर नेण्यातच जातात, पाणी ढकलायला उरतात ८. पूर्ण वेगाला उरत होते १४. हर्ट्झ १० टक्क्यांनी कमी झाले आणि पाणी २५ टक्क्यांनी. ४० हर्ट्झला बंद नळाचा दाब साडेवीस मीटर, उरले अडीच, पाणी जेमतेम दोन लिटर. आणि ३७.५ हर्ट्झला बंद नळाचा दाब बरोबर १८ मीटर होतो. तिथे मोटर फिरते, करंट दाखवते, आवाज येतो, पाणी मात्र पाइपमध्ये उभं राहतं. पंपाच्या पोटातलं तेच पाणी घुसळून तापत राहतं, आणि सीलचा जीव जातो.

म्हणून या पंपासाठी किमान फ्रिक्वेन्सी ४१ ते ४२ ठेवायला हवी. तुमच्यासाठी ती शोधायची सोपी पद्धत अशी: पाइपचं तोंड दिसेल असं कुणाला तरी उभं करा आणि ५० वरून एकेक हर्ट्झ खाली या. धार बंद पडली तो आकडा लिहून घ्या, त्यात चार मिळवा, तो तुमचा किमान. हिवाळ्यात पाणी वर असताना काढलेला आकडा उन्हाळ्यात विहीर खोल गेल्यावर चालत नाही, तेव्हा तो पाणी खाली गेलेलं असताना काढलेला बरा.

लाइनवर काय होतं

तुमच्या प्रश्नात लाइनबद्दल काही नाही, पण डेल्टा झाली की पुढचा घोटाळा तिथेच होणार आहे.

मोटरच्या दांड्यावर २.२ किलोवॅट. मोटरची कार्यक्षमता ८१ टक्के धरली तर ती २.७ किलोवॅट खाते, ड्राइव्हचा तोटा धरून लाइनमधून २.८. भागिले २३०, म्हणजे १२ अँपिअर, असं वाटेल. पण मीटरवर १७-१८ निघतील. कारण ड्राइव्ह लाइनमधून सलग करंट घेत नाही. कपॅसिटर आधीच भरलेला असतो, त्यामुळे डायोड फक्त व्होल्टेजच्या शिखराजवळ उघडतात आणि त्या दोन-तीन मिलिसेकंदांत सगळं हिसकून घेतात. करंटचे उंच, अरुंद खांब तयार होतात. म्हणून पॉवर फॅक्टर ०.६५ ते ०.७ च्या घरात येतो.

हा करंट मोजायला ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर लागतो. साधा क्लॅम्प अशा खांबांवर बराच कमी दाखवतो. "मीटरवर बाराच दाखवतोय आणि एमसीबी तापतोय" असं कुणी सांगितलं की मी आधी मीटर कोणता ते विचारतो.

थ्री फेज इनपुटला कपॅसिटर दर ३.३ मिलिसेकंदांनी भरला जातो, सिंगल फेजला दर १० मिलिसेकंदांनी. मधला वेळ मोटर एकट्या कपॅसिटरवर जगते. समजा ड्राइव्हमध्ये १००० मायक्रोफॅरड आहेत आणि मोटर डीसी बाजूने ९ अँपिअर ओढतेय. सात मिलिसेकंदांत बस ६० व्होल्टने खाली येते, ३२५ वरून २६५. आणि हे सेकंदाला शंभर वेळा. कपॅसिटर यानेच तापतात आणि यानेच लवकर म्हातारे होतात. याच कारणाने थ्री फेज इनपुटचा ड्राइव्ह सिंगल फेजवर वापरायचा झाला तर दुप्पट रेटिंगचा घेतात आणि त्यातलं इनपुट फेज गेल्याचं संरक्षण बंद करावं लागतं. तुमचा ड्राइव्ह मुळातच सिंगल फेज इनपुटचा आहे, तेव्हा हा हिशोब कंपनीने आधीच केलाय. त्याचा आउटपुट करंट ८ अँपिअरपेक्षा थोडा जास्त आहे एवढं बघा. सिंगल फेज इनपुटच्या अनेक मालिका ३ एचपीलाच संपतात, म्हणजे तुम्ही काठावर आहात, पण आत आहात.

यावर एक स्वस्त इलाज आहे: ड्राइव्हच्या आधी फेजच्या वायरमध्ये चोक, साधारण २ मिलिहेन्री, २० अँपिअरचा. तो करंटचे खांब रुंद करतो, पॉवर फॅक्टर ०.८ च्या आसपास येतो, आणि लाइनचा करंट १८ वरून १५ वर उतरतो. कपॅसिटरलाही दम मिळतो. मला विचाराल तर ३ एचपीला चोक न लावता पंप चालवणं ही चुकीची काटकसर आहे. एमसीबी २५ अँपिअर, सी कर्व्ह. तांब्याची ४ चौरस मिलिमीटर वायर ५० मीटरपर्यंत चालेल, तिथे साधारण ७ व्होल्ट पडतात. अंतर १०० मीटर असेल तर ते १४ होतात, मग ६ चौरस मिलिमीटरची वायर घ्या.

संध्याकाळी लाइन २०० वर येत असेल, तर मोटरलाही २०० च मिळतात आणि तेव्हा ५० हर्ट्झ मागणं म्हणजे तिला पुन्हा थोडं उपाशी ठेवणं. लोडवर डीसी बसचा आकडा स्क्रीनवर बघा. ड्राइव्हमध्ये तो सहसा असतोच. रिकामा ३२५ दाखवत असेल आणि लोडवर २८० च्या आसपास टिकत असेल तर ठीक. २५० च्या खाली घसरत असेल तर हर्ट्झ ४५ ला बांधा. पंपाची मागणी तिथे ७० टक्क्यांच्या आसपास येते, लाइनचा करंटही त्याच प्रमाणात उतरतो आणि बस पुन्हा सावरते. पाणी कमी येईल, किती कमी ते वर बघितलंच.

जोडणीतल्या तीन चुका

जुना स्टार्टर ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये राहू देऊ नका. चालत्या लोडवर मधला कॉन्टॅक्टर उघडला की तो दणका ड्राइव्हच्या ट्रान्झिस्टरांवर येतो. मोटरच्या बाजूला कुणी पूर्वी कपॅसिटर लावला असेल तर तोही काढा. ड्राइव्हच्या आउटपुटवर कपॅसिटर म्हणजे जवळजवळ शॉर्ट सर्किट. ड्राइव्हपासून मोटरपर्यंत सरळ तीन वायर आणि अर्थिंग, मध्ये काहीही नाही.

दुसरी चूक टाकीच्या फ्लोटची. फ्लोट स्विच ड्राइव्हच्या मेन लाइनमध्ये टाकून पंप चालू-बंद करतात. प्रत्येक वेळी रिकामा कपॅसिटर भरताना आतल्या चार्जिंगच्या रेझिस्टरला झळ बसते, आणि टाकी काठोकाठ भरत असताना फ्लोट मिनिटाला चार वेळा हलला की तो रेझिस्टर जातो. मग "ड्राइव्ह डेड" म्हणून दुरुस्तीला येतो. फ्लोटच्या दोन वायर कंट्रोल टर्मिनलवरच्या रन इनपुटला द्या, मेन लाइन चालूच राहू दे. मात्र कंट्रोलच्या वायर मोटरच्या वायरसोबत एकाच पाइपमधून नेऊ नका, नाहीतर पंप भुतासारखा आपोआप चालू-बंद होईल.

तिसरी दिशेची. पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी येतं, म्हणून कळत नाही. फक्त दाब कमी असतो, आणि माणूस पुन्हा व्होल्टेजला दोष देत बसतो. डेल्टा केल्यावर दिशा हमखास तपासा. उलटी असेल तर मोटरकडच्या कुठल्याही दोन वायर बदला किंवा ड्राइव्हमध्ये दिशा बदला. इनपुटचे फेज-न्यूट्रल बदलून काही होत नाही, ते आधी डीसी होतात.

आणि बॉक्स किंवा ड्राइव्ह उघडताना: लाइन बंद केल्यावर किमान दहा मिनिटं थांबा, मग डीसी टर्मिनलवर मीटर लावून बघा. स्क्रीन विझली म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असं नाही. विहिरीजवळ ओल असते, तेव्हा मोटरच्या बॉडीची अर्थिंग ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलपर्यंत स्वतंत्र वायरने आणा. न्यूट्रल नीट येत नाही म्हणून अर्थिंगलाच न्यूट्रल केलेले मी पाहिलेत. त्यात पंपाचं लोखंडच जिवंत होतं.

सहा टोकं नसतील तर

बॉक्समध्ये तीनच वायर आल्या, किंवा पंप बोअरमधला सबमर्सिबल निघाला, तर स्टारची गाठ वाइंडिंगच्या आत आहे. मोनोब्लॉक असेल तर चांगला वाइंडर गाठ शोधून, सोडून सहा टोकं बाहेर काढून देतो. वाइंडिंग जुनं, वार्निश कडक झालेलं असेल तर तो नाही म्हणेल, आणि त्याचं ऐका. रिवाइंड करायचाच असेल तर थेट २३० व्होल्ट डेल्टाचं सांगा.

सबमर्सिबलला हे जमत नाही. तिथे दोन वाटा आहेत. एक म्हणजे सिंगल फेज २३० घेऊन थ्री फेज ४०० देणारा ड्राइव्ह. त्यात व्होल्टेज दुप्पट करणारी इनपुट बाजू असते, डीसी बस ६५० च्या आसपास. दुसरी वाट म्हणजे २३० चे ४१५ करणारा ट्रान्सफॉर्मर आणि त्यापुढे ४०० व्होल्टचा दुप्पट रेटिंगचा ड्राइव्ह. दोन्हींत लाइनवरचा बोजा तोच, कारण वॉट तेवढेच. फरक केबलला पडतो. ६५० व्होल्टच्या बसचे ठोके लांब केबलच्या टोकाला परावर्तित होऊन दुप्पटीच्या जवळ जाऊ शकतात, म्हणून बोअरची केबल लांब असेल तर ड्राइव्हनंतर आउटपुट चोक हवाच. तुमच्या डेल्टा मोनोब्लॉकला ही चिंता नाही. बस ३२५ ची आहे आणि मोटरचं इन्शुलेशन ४१५ च्या हिशोबाने केलेलं आहे. सबमर्सिबलला सुरुवातही हळू करू नका. तिचं थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर तरंगतं आणि तो थर वेग आल्याशिवाय बनत नाही, म्हणून पहिले ३० हर्ट्झ एका सेकंदात गाठायचे असतात.

तर क्रम असा लावा: आज लाइन बंद करून टर्मिनल बॉक्स उघडा, फोटो काढा, ओहम मोजा. डेल्टा करा, पुन्हा मोजा. करंटच्या खान्यात ८.० भरा. पहिल्या चाचणीत ५० हर्ट्झला मोटरचा करंट, लाइनचा करंट आणि डीसी बस, हे तीन आकडे लिहून ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा लिहा. मोटरचा करंट ८ च्या आत आणि बॉडी हात ठेवता येईल इतपत गरम असेल तर झालं. करंट सुरुवातीपासूनच ९ च्या वर असेल तर ते वीजेचं काम नाही. बहुधा पंप त्याच्या उंचीपेक्षा फार मोकळा वाहतोय. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून बघा, करंट उतरला तर खात्री.

आणि बॉक्सचं झाकण लावण्याआधी आत जाड मार्करने लिहा: "डेल्टा, फक्त २३० व्होल्ट." पुढेमागे तुमच्याकडे थ्री फेज लाइन येईल, कुणीतरी ड्राइव्ह काढून ४१५ सरळ या बोल्टांवर जोडेल, आणि प्लेटवर ४१५ लिहिलेलं असल्यामुळे त्याला काहीच चुकल्यासारखं वाटणार नाही. मोटर मग मिनिटभरही टिकेल की नाही सांगता येत नाही.